पाच भोकं आणि मावशीचा चहा

आमच्या चाळीत कोणी काम करताना दिसला की त्याला चहा द्यायचाच. मीटर बघायला आलेल्याला चहा, केबलवाल्याला चहा, पाण्याच्या टाकीत उतरलेल्याला तर बाहेर यायच्या आधीच चहा. नको म्हटलं तर बायका तोंड वाकडं करतात, "आमच्या घरचा चालत नाही वाटतं!" आणि मग चार दिवस तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. घोडपदेवच्या त्या चाळीत मी लहानाची मोठी झाले, दहावीचा अभ्यास तिथल्या जिन्यात केला, तिथूनच सिव्हिलची डिग्री घेतली. आणि एवढं सगळं करून हिशोबात चहा धरायचं माझ्या डोक्यात आलं नाही. इंजिनियर बाई, म्हणे!

तर झालं असं. मी दादरच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे नोकरी करते. जुन्या इमारतींची डागडुजी हे आमचं काम. कॉन्ट्रॅक्टरला सगळे शेठ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आमच्याच चाळीचं काम शेठला मिळालं, तेव्हा साइट कोणाकडे द्यायची यावर त्याला फार विचार करावा लागला नाही. "घरचं कार्य आहे तुझं," असं म्हणून त्याने ते माझ्या गळ्यात मारलं.

चाळ काँक्रीटची, जुनी. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीचा टोकाचा तुकडा खालून फुगून सुटायला लागला होता. आतल्या सळया गंजून पापडासारख्या पदर पदर निघत होत्या. तो तुकडा पाडून नवा घालायचा होता. आणि त्या तुकड्याच्या पलीकडे, शेवटच्या खोलीत, माझी मावशी राहते. एकटी.

मावशीबद्दल सांगायचं तर, तोंडाने फटकळ आणि किडनीने नादुरुस्त. आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, तिला डायलिसिसला जावं लागतं. जिना ती कठडा धरून, मधे थांबत, शिव्या घालत का होईना, स्वतः उतरते. पण गॅलरी पाडल्यापासून जिन्यापर्यंत जायला फक्त फळ्या होत्या. त्या फळ्यांवरून तिला चालू द्यायची कोणाची हिंमत नव्हती, त्यामुळे शेजारचे दोघे जण तिला लाकडी खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून पलीकडे न्यायचे. खाली सगळी चाळ माना वर करून बघत असायची. मावशी डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि खुर्ची टेकली की पहिलं वाक्य ठरलेलं, "मेले नाही अजून, तरी उचलून नेतायत."

मला म्हणायची, "तू माझी गॅलरी कर. मग मी माझ्या पायाने जाईन. बाकी मला तुझ्याकडून काही नको." मी म्हटलं, करते.

तिच्या डायलिसिसमुळे दिवस ठरलेले होते. शुक्रवारी ती जाऊन आली की सोमवारपर्यंत तिला बाहेर पडायचं नसतं. म्हणजे शनिवारी सळया बसवायच्या, रविवारी काँक्रीट ओतायचं, आणि सोमवारी टेकू न काढता, ओल्या स्लॅबला न टेकता, वरून रुंद फळ्या टाकून तिला न्यायचं. पुढच्या आठवड्यापासून ती चालणार. शनिवार हुकला की अख्खा आठवडा गेला, कारण मधल्या दिवसांत शटरिंगवाले आणि काँक्रीटवाले परळच्या दुसऱ्या साइटवर जाणार होते.

नवा स्लॅब जुन्या काँक्रीटला धरून राहावा म्हणून दोन्ही बाजूंच्या जुन्या तुळयांमध्ये आडवी भोकं पाडून त्यात सळया बसवतात. नुसती सळई भोकात खुपसून काही होत नाही, ती ओढली की हातात येईल. मधे इपॉक्सी भरावं लागतं. साइटवर त्याला सगळे केमिकल म्हणतात. ते एका जाडजूड ट्यूबमध्ये येतं. आत दोन कप्पे असतात, दोन्हींतला माल वेगळा. ट्यूब गनमध्ये बसवायची, पुढे लांब नोझल लावायचं, आणि खटका दाबला की दोन्ही माल नोझलच्या पिळातून जाताना एकमेकांत मिसळतात. मिसळले की घट्ट व्हायला सुरुवात झालीच.

चाळीचे सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे अंकल. बँकेतून रिटायर झालेले, भायखळ्याच्या चर्चमध्ये दर रविवारी सूट घालून जाणारे, आणि माझ्याहून अस्सल मराठीत भांडणारे. त्यांना किती ट्यूबा आणणार ते आधी कळायला हवं होतं. आम्ही जिन्यात बसलो आणि माझ्या फोनवर हिशोब सुरू झाला.

अंकल म्हणाले, "भोक सोळा मिलिमीटर. खोल दीडशे. भोकं छत्तीस. भोकाचं आकारमान काढ, छत्तीसने गुण, खलास. हजाराच्या वर मिलिलिटर. तीन ट्यूबा."

"अंकल, भोकात सळई कोण घालणार? ती बारा मिलिमीटरची आहे. तिने जागा अडवली ना!"

"मग?"

"मग भोकातून सळई वजा करायची. सोळाचा वर्ग वजा बाराचा वर्ग. मधली जी फट राहिली तेवढंच केमिकल. एका भोकाला तेरा मिलिलिटर आणि वर थोडं. छत्तीसला पावणेपाचशे. जुन्या काँक्रीटमध्ये पोकळ्या असतात, थोडं सांडतं, म्हणून पावपट जादा धरा. सहाशेच्या आत. ट्यूब तीनशे नव्वदची. नवीन नोझलमधून पहिलं येतं ते नीट मिसळलेलं नसतं, ते फेकायचं, तेही धरलं. दोन ट्यूबांत होतंय, वर उरतंय."

अंकल माझ्याकडे बघून म्हणाले, "शिकलेली आहेस."

च्यायला, काय फुगले मी! दोन ट्यूबा मागवल्या. आणि हुशारी बघा, जादा नोझलांचं अख्खं पाकीट मागवलं. नोझल चोंदलं तर काम अडू नये म्हणून.

शुक्रवारपर्यंत सगळी भोकं पाडून झाली. ड्रिलच्या आवाजाने चाळीतली तान्ही पोरं रडली आणि म्हातारी माणसं जास्तच ऐकू येत नसल्यासारखी वागू लागली. आमचा मिस्त्री कामाला पक्का. मी त्याला आधीच बजावलं होतं, भोकातली धूळ निघाली नाही तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. त्याने प्रत्येक भोकात हवा मारली, तारेचा ब्रश फिरवला, परत हवा मारली. सगळी धूळ मावशीच्या दारातून आत. "माझ्या डाळीत तुमची चाळ पडली," असं तिने ओरडून सांगितलं आणि लगेच विचारलं, "चहा टाकू का?"

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. मिस्त्री जिन्याकडच्या तुळईपासून निघाला. नोझल भोकाच्या तळापर्यंत घालायचं, तळापासून भरत हळूहळू मागे यायचं, भोक साधारण दोन तृतीयांश भरलं की थांबायचं. मग सळई पिळत पिळत आत. सळई पूर्ण आत गेली की तोंडाशी करडा माल थोडा बाहेर यायला हवा. तो आला म्हणजे आत पोकळी नाही. मी पहिल्या चार सळया उभी राहून बघितल्या, चारही सळयांच्या तोंडाशी माल बाहेर आला. मला धन्य वाटलं. मग शेठचा फोन आला, परळच्या साइटवर माप चुकलंय, तू जाऊन बघ. गेले.

परत आले तेव्हा दुपार उलटून गेली होती. मिस्त्री मावशीच्या दाराजवळ उकिडवा बसलेला, हातात गन, चेहरा पडलेला.

"मॅडम, माल संपला."

"संपला म्हणजे?"

"दोन्ही ट्यूब खाली. पाच भोकं राहिली."

मी बघितलं. जिन्याकडची तुळई पूर्ण झाली होती. मावशीकडच्या तुळईत, बरोब्बर तिच्या उंबऱ्याच्या पुढ्यात, पाच भोकं आ वासून माझ्याकडे बघत होती. माझं डोकंच फिरलं.

"काय प्यायलात का केमिकल? हिशोबात उरत होतं! भोकं जास्त भरलीत ना? अर्धं खाली गळू दिलंत ना?"

मिस्त्री म्हणाला, "मॅडम, बघा की. कुठे गळलंय का?"

नव्हतं गळलं. सळयांच्या तोंडाशी माल नीटनेटका, कुठेही ढीग नाही. मग म्हटलं, आतमध्ये पोकळी लागली असेल. "कुठल्या भोकाने जास्त खाल्लं?" तो म्हणाला, एक-दोन भोकांनी थोडं. ते तर मी पावपटीत धरलं होतं.

मग माझं लक्ष खिडकीच्या कट्ट्याकडे गेलं. वापरून झालेली नोझलं तिथे ओळीने ठेवली होती, आत दगड झालेल्या मालाने ठासून भरलेली. आणि प्रत्येक नोझलाच्या शेजारी एकेक रिकामा चहाचा ग्लास. कोणी मुद्दाम मांडल्यासारखी जोडपी.

"हे काय?"

मिस्त्री तोंडातल्या तोंडात म्हणाला, "चहा. नाही म्हटलं तर मावशी ओरडतात. आणि मग पलीकडच्या वहिनी, वरच्या काकी..."

आता मला सगळं लख्ख दिसलं. ऊन असं की नोझलमधला माल दहा-बारा मिनिटांत घट्ट होतो. चहा यायचा, गन खाली ठेवायची, ग्लास हातात, ख्यालीखुशाली, मुलीचं लग्न जमलं का, गाव कुठलं. चाळीतला चहा दहा मिनिटांत कधी संपलाय? परत येईपर्यंत नोझल दगड. आतला माल वाया. मग नवीन नोझल, ते मीच हौसेने पाकीटभर आणून ठेवलेलं. नवीन नोझल म्हणजे रंग एकसारखा होईपर्यंत पहिला माल फेकायचा, तेही मीच बजावलेलं. त्या माणसाने माझा एकेक नियम पाळला होता आणि नियम पाळूनच दोन ट्यूबा संपवल्या होत्या. अंकलचा चुकीचा हिशोब बरोबर निघाला असता, हे तर मला आजही पचलेलं नाही.

मी दुकानदाराला फोन लावला. शनिवारची संध्याकाळ, तो सहकुटुंब लग्नाला. "सोमवारी, मॅडम." दुसऱ्याला लावला, त्याचं शटर बंद. अंकल धावत गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे गेले आणि दोन छोट्या ट्यूबा घेऊन आले, ज्यांनी आपण बरणीची तुटलेली झाकणं चिकटवतो. "हेही इपॉक्सीच ना?" मला हसावं की रडावं कळेना.

मग शेठला फोन. शेठ शांतपणे म्हणाला, "पाच भोकंच ना? सिमेंट घोळून भर, सळया ठोक. उद्या वरून काँक्रीट येणार. आत काय आहे ते कोण बघतंय?"

मी वर बघितलं. मावशी दारात खुर्ची टाकून बसली होती, तीच ती उचलायची खुर्ची. फोन स्पीकरवर होता.

"माझी मावशी बघतेय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

फोन ठेवला खरा, पण काँक्रीटवाल्यांना नको म्हणून सांगायला हात धजेना. नको म्हटलं की मावशी आणखी आठवडाभर खुर्चीत. आणि सिमेंट भरलं तर ती रोज त्याच पाच सळयांवर पाय ठेवून घराबाहेर पडणार. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो सगळा राग मी काढला तो नेमका तिच्यावर.

"कशाला गं दर अर्ध्या तासाने चहा? कोणी मागितला होता तुला? तुझा चहा पाच भोकं प्यायला! तुझीच गॅलरी होती!"

वरच्या काकी आत गेल्या. मावशीने मांडीवरचा पदर नीट केला.

"डॉक्टर मला दिवसाचं पाणी मोजून देतात," ती म्हणाली. "एवढीशी बाटली. गोळ्या त्यातच घ्यायच्या, चहाही त्यातच. चहा करते, वास घेते. दुसरा पितो तेवढा वेळ त्याच्या तोंडाकडे बघते. जरा बरं वाटतं गं."

आठवड्यातून तीनदा मी तिच्याकडे जायचे. दर वेळी ती मला चहा द्यायची आणि समोर बसून मी पिताना बघायची. मला वाटायचं, साखर बरोबर झालीय का ते बघतेय.

मग तीच म्हणाली, "सांग त्यांना, उद्या येऊ नका. आठवडाभर उचला मला अजून, काय होतंय! पण माझ्या दारात खोटी सळई घालू नकोस."

मी फोन लावला. मग तिच्या गळ्यात पडून रडले, ते मिस्त्रीने बघितलं, अंकलनी बघितलं, मला काडीची लाज वाटली नाही.

पुढचा आठवडा मावशी खुर्चीतून गेली, तीनही वेळा. पाच भोकांत मी कागदाचे बोळे घालून ठेवले होते, तरी कोणीतरी एकात शेंगदाण्याची टरफलं भरलीच. शनिवारी ती भोकं परत पहिल्यापासून साफ केली, हवा, ब्रश, हवा. नवीन ट्यूब आली. पाच भोकांना पासष्टच्या आसपास मिलिलिटर लागणार आणि ट्यूब तीनशे नव्वदची. पण अर्धी ट्यूब कोणी विकत नाही.

त्या दिवशी मावशीने सकाळीच गॅसचं बटण बंद केलं. मग हातात काठी घेऊन दारात बसली. पलीकडची वहिनी ट्रे घेऊन निघालेली दिसली तसा मावशीचा आवाज चढला, "मागे फिर! आधी भोकं, मग चहा!" वरच्या काकींनी जिन्यातून थर्मास दाखवला, त्यांनाही तेच. अंकल स्वतः किटली घेऊन आले, त्यांना तर तिने त्यांच्या स्वर्गवासी बायकोची शपथ घातली. बिचारे किटली पाठीमागे लपवून उभे राहिले.

मिस्त्रीने पहिलं भोक भरलं, सळई पिळत आत घातली.

"आलं का बाहेर?" मावशीने विचारलं.

तोंडाशी करडा माल आला. "आलं."

"दुसरं."

पाचही सळयांचा माल बाहेर आला. ती प्रत्येक वेळी मान पुढे काढून स्वतः बघायची. पाचवी झाली आणि मिस्त्रीने गन खाली ठेवली. "आता हात लावायचा नाही, रात्रभर," मी म्हटलं. तिने जवळून जाणाऱ्या मांजरालाही काठी दाखवली.

रविवारी काँक्रीट ओतलं. मग टेकूंवर स्लॅब पिकत राहिला, गोणपाट टाकून त्यावर पाणी मारत राहिलो. ते पाणी मारताना बघायला मात्र मावशी यायची नाही. आत जाऊन रेडिओ लावायची.

फळ्या काढल्या तो दिवस सोमवार होता. शेजारचे दोघे सवयीने खुर्ची घ्यायला आले. मावशी दार उघडून बाहेर आली. इस्त्रीची पांढरी साडी, एका हातात काठी. दुसऱ्या हातात कप. कपात अगदी तळाला, दोन घोट चहा.

"खुर्ची ठेवा आतमध्ये," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मावशे, कप मला दे. तोल जाईल."

"हा सकाळपासूनचा आहे. गोळ्या कोरड्या गिळल्या याच्यासाठी. नाही देत."

तिने उंबऱ्यापलीकडे पाय ठेवला. मग दुसरा. काठीने एकदा खाली ठोकून बघितलं. जिन्याकडे चार पावलं गेली आणि स्लॅबच्या मधोमध थांबली. सगळी चाळ दारात आली होती. मावशीने काठी माझ्या हातात दिली. कुठेही न टेकता, दोन्ही पायांवर उभी राहून, दोन्ही हातांनी कप तोंडाला लावला आणि दोन घोट चहा प्यायली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.